अकराचा ताळा

४७३८ ला ५९६ ने गुणायचं आहे. कागदावर तीन ओळी येतात: सहाने गुणून २८४२८, नवाने गुणून ४२६४२ आणि पाचाने गुणून २३६९०. पाढे बरोबर, हातचेही बरोबर. फक्त दुसरी ओळ मांडताना घाई होते आणि एककाखालची फुली द्यायची राहून जाते. ४२६४२ ही ओळ एक घर डावीकडे सरकण्याऐवजी पहिल्या ओळीच्या थेट खाली बसते. तिसरी ओळ मात्र दोन घरं सरकून जागच्या जागी आहे. बेरीज येते २४४००७०.

शंका नको म्हणून नवाचा ताळा केला जातो. ४७३८ च्या अंकांची बेरीज २२, तिची पुन्हा बेरीज ४. ५९६ च्या अंकांची बेरीज २०, म्हणजे २. चार दुणे आठ. उत्तराच्या अंकांची बेरीज १७, म्हणजे ८. ताळा जुळला! प्रत्यक्षात खरं उत्तर २८२३८४८ आहे आणि कागदावरची चूक पावणेचार लाखांहून मोठी आहे.

यात नवाच्या ताळ्याचा हलगर्जीपणा नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. तो फक्त अंक मोजतो. कोणता अंक कोणत्या घरात बसला आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हातानं केलेल्या गुणाकारात तर घरांच्या चुकाही होतात. तिथे अकराचा ताळा लागतो.

एक अधिक, एक उणे

अकराच्या ताळ्यातही अंकांचीच बेरीज आहे, पण चिन्हं आलटून पालटून येतात. उजवीकडून, म्हणजे एककापासून सुरुवात करायची. एकक अधिक, दशक उणे, शतक अधिक, हजार उणे, असं शेवटच्या अंकापर्यंत जायचं. उत्तर ऋण आलं तर त्यात ११ मिळवायचे, ११ किंवा त्याहून मोठं आलं तर ११ काढून टाकायचे. शेवटी ० ते १० यांपैकी एक संख्या हाती राहते.

४७३८ साठी: ८ उणे ३ अधिक ७ उणे ४, म्हणजे ८. ५९६ साठी: ६ उणे ९ अधिक ५, म्हणजे २. या दोघांचा गुणाकार १६. त्यातून ११ गेले, उरले ५. म्हणून उत्तराकडूनही ५ च यायला हवेत. बरोबर उत्तर २८२३८४८ घेतलं, तर ८ − ४ + ८ − ३ + २ − ८ + २ = ५. जुळलं. चुकीचं २४४००७० घेतलं, तर ० − ७ + ० − ० + ४ − ४ + २ = −५. त्यात ११ मिळवले की ६. पाच हवे होते, सहा आले. नवाच्या ताळ्यातून सुटलेली चूक इथे सापडली.

हातात आलेली ही संख्या म्हणजे दुसरंतिसरं काही नसून मूळ संख्येला अकराने भागल्यावर उरणारी बाकी आहे. कारण साधं आहे. १० म्हणजे ११ उणे १. १०० म्हणजे ९९ अधिक १, आणि ९९ ला अकराने पूर्ण भाग जातो. १००० म्हणजे १००१ उणे १. १००१ म्हणजे अकरा गुणिले ९१. १०,००० म्हणजे ९९९९ अधिक १. अकराचे गट बाजूला काढले की दशकाच्या घराची किंमत उणे एक उरते, शतकाची अधिक एक, हजाराची पुन्हा उणे एक. शाळेत पाठ केलेली अकराची विभाज्यता कसोटी याच हिशेबावर उभी आहे. तिथे सम आणि विषम स्थानांवरच्या अंकांच्या बेरजांमधला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आहे की नाही, एवढंच पाहतात. ताळ्यासाठी तो फरक नेमका किती आला, हे पाहायचं असतं.

आता बाक्यांचा गुणाकार उत्तराच्या बाकीशी का जुळतो? ४७३८ म्हणजे ११ च्या ४३० पटी आणि वर ८. ५९६ म्हणजे ११ च्या ५४ पटी आणि वर २. गुणाकार उलगडला की चार तुकडे पडतात. त्यांतल्या तीन तुकड्यांत कुठे ना कुठे ११ असतातच. अकरापासून मोकळा एकच तुकडा, आठ दुणे सोळा. उत्तराची बाकी त्या सोळांतूनच येते.

बाकीवरून गुणाकार तपासायची रीत आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या ग्रंथात नवाच्या ताळ्याचा नियम आहे. नारायण पंडिताने १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त तो आणखी मोकळा करून सांगितला: भाजक नऊच असला पाहिजे असं नाही, मनाला येईल ती संख्या घ्यावी, गुण्य आणि गुणकाच्या बाक्या काढून त्यांचा गुणाकार करावा, त्याला पुन्हा त्याच संख्येने भागून उरलेली बाकी उत्तराच्या बाकीशी ताडून पाहावी. भाजक कोणताही चालत असला, तरी नऊ आणि अकरा हे दोनच जास्त सोयीचे, कारण ते दहाच्या दोन बाजूंचे शेजारी आहेत. त्यांच्या बाक्या भागाकार न करता नुसत्या अंकांवरून मिळतात.

चूक नेमकी कुठे झाली?

ताळा चुकला म्हणून सगळा गुणाकार पुन्हा करायची गरज नाही. अकराचा ताळा ओळीओळीवर चालवता येतो. ४७३८ ची बाकी ८ आहे. पहिली ओळ सहाने गुणलेली, म्हणून तिची बाकी ४८ मधून, म्हणजे ४ यायला हवी. २८४२८ ची बाकी ४ च आहे. दुसरी ओळ नवाने गुणलेली, ७२ ची बाकी ६. ४२६४२ ची बाकी ६. तिसरी ओळ पाचाने, ४० ची बाकी ७. २३६९० मधून उणे ४ येतात, म्हणजे ७. तिन्ही ओळी चोख. मग चूक मांडणीत किंवा बेरजेत.

ओळ एक घर सरकली की तिला दहाने गुणल्यासारखं होतं, आणि अकराच्या हिशेबात दहा म्हणजे उणे एक. म्हणजे एक घर सरकलं की बाकीचं चिन्ह उलटतं. दोन घरं सरकली की ते पुन्हा मूळपदावर येतं. बरोबर मांडणीत बेरजेची बाकी ४ उणे ६ अधिक ७, म्हणजे ५ यायला हवी. दुसरी ओळ न सरकवता मांडली, तर ती होते ४ अधिक ६ अधिक ७, म्हणजे १७, म्हणजे ६. कागदावरच्या चुकीच्या उत्तरातून ६ च आले होते. चूक आहे हे तर कळलंच, पण ती दुसऱ्या ओळीच्या घराची असावी, हेही त्या सहांवरून ओळखता आलं.

हातच्यांचंही असंच. ४७३८ ला नवाने गुणताना पहिलंच पाऊल आहे आठ नवे बहात्तर. २ लिहायचे, ७ हातचे. घाईत बऱ्याचदा उलट होतं: ७ लिहिले जातात आणि २ हातचे धरले जातात. मग ओळ येते ४२५९७, खऱ्या ओळीपेक्षा ४५ ने कमी. ४५ हा नवाच्या पटीत असल्यामुळे नवाच्या ताळ्याला दोन्ही ओळी सारख्याच वाटतात. अकराचा ताळा मात्र ७ − ९ + ५ − २ + ४ = ५ दाखवतो. सहा हवे होते, म्हणून ओळ तिथल्या तिथे पकडली जाते.

दोन प्रकारच्या चुका या ताळ्यातून कधीच सुटत नाहीत. पहिली, उत्तरातला एकच अंक चुकणं. अंक चुकला की संख्या १ ते ९ यांपैकी कशाने तरी, आणि पुढे काही शून्यं लावून, बदलते. असा फरक अकराने कधीच भागला जात नाही. नवाचा ताळा इथेही एका जागी फसतो: ० च्या जागी ९ किंवा ९ च्या जागी ० लिहिला, तर त्याला पत्ता लागत नाही. दुसरी चूक म्हणजे शेजारच्या अंकांची अदलाबदल. २८२३८४८ उतरवताना २८३२८४८ झालं, तर नवाचा ताळा जुळतोच, कारण अंक तेच आहेत. पण अकराच्या ताळ्यात शेजारच्या दोन घरांची चिन्हं विरुद्ध असतात. त्यामुळे बाकी ५ ऐवजी ७ येते आणि चूक उघडी पडते. दोन्ही अंक एकच नसतील, तर हे प्रत्येक वेळी घडतं.

जे निसटतं

अकराच्या ताळ्याचं आंधळेपण त्याच्या चिन्हांतच आहे. अधिक, उणे, अधिक, उणे असं चालताना एक घर सोडून पुढच्या घराचं चिन्ह तेच असतं. म्हणून एक अंक मध्ये ठेवून दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ताळ्याला काहीच दिसत नाही. २८२३८४८ मधले मधले तीन अंक २, ३, ८ हे ८, ३, २ असे लिहिले गेले, तर संख्या होते २८८३२४८. बाकी पुन्हा ५. अंक तेच असल्याने नवाचा ताळाही जुळतो.

ओळ दोन घरांनी चुकली, तरी हेच होतं. गुणकात मध्ये शून्यं असली की ही चूक हमखास होते. ४७३८ गुणिले ३००६ घ्या. सहाची ओळ २८४२८, तिनाची ओळ १४२१४. तिनाची ओळ तीन घरं सरकवायची असते. मधल्या शून्यांच्या ओळी गाळल्यामुळे ती एकच घर सरकवली जाते. खरं उत्तर १४२४२४२८, चुकीचं १७०५६८. अकराचा ताळा दोन्हींसाठी २ देतो. इथे बचाव होतो तो अंदाजाने. चार हजार सातशे गुणिले तीन हजार म्हणजे एक कोटी चाळीस लाखांच्या घरातली संख्या. एक लाख सत्तर हजार हे उत्तर नुसतं पाहूनच खटकायला हवं.

तिसरी फट जास्त फसवी आहे. गुणकालाच अकराने पूर्ण भाग जात असेल, तर त्याची बाकी शून्य येते आणि शून्याने गुणल्यावर दुसऱ्या संख्येबद्दलची सगळी माहिती पुसली जाते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. ४७३८ गुणिले ३४१ करायचं होतं, पण संख्या उतरवताना ४३७८ झाली आणि पुढचा गुणाकार अगदी बरोबर केला गेला. उत्तर आलं १४९२८९८. हवं होतं १६१५६५८. ताळा मूळ संख्येवरून घेतला, तरी अपेक्षित बाकी शून्य आणि आलेली बाकीही शून्य. शेजारच्या अंकांची अदलाबदल असल्यामुळे नवाचा ताळाही ५ आणि ५ असा जुळतो. आकडा पंधरा लाखांच्या आसपासचा असल्यामुळे ढोबळ अंदाजालाही तो सहसा खटकत नाही. अशा वेळी गुणकाची बाकी शून्य दिसताच सावध होऊन ७ किंवा १३ सारखा दुसरा भाजक घ्यावा लागतो.

या ठराविक चुका सोडल्या आणि चूक अगदी कशीही झाली असं धरलं, तर अकरांतून साधारण एकदा ती अकराच्या पटीत पडून सुटते. नवाच्या बाबतीत नवांतून एकदा. दोन्ही ताळे केले, तर चूक ९९ च्या पटीत असेल तरच सुटते, म्हणजे नव्याण्णवांतून एकदा. पण वर पाहिलेली एक घर सोडूनची अदलाबदल आणि दोन घरांची सरकलेली ओळ, या दोन्ही चुकांत फरक नेमका ९९ च्या पटीतच येतो. त्यामुळे या दोन चुकांपुरते दोन ताळे मिळूनही एकाहून जास्त काम करत नाहीत.

एकवीस अंकांचा गुणाकार

हे सगळं एका खऱ्याखुऱ्या मोठ्या गुणाकारावर लावून पाहण्यासारखं आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मूळ संख्या असल्याचं लिहिलं होतं. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी ती मूळ नसल्याचं दाखवलं, पण तिचे अवयव त्यांना मिळाले नाहीत. ते १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले. गणितज्ञ ई. टी. बेल यांनी नंतर सांगितलेल्या गोष्टीनुसार कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला आणि ते जागेवर जाऊन बसले. तो गुणाकार असा: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ बरोबर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

पहिल्या संख्येतल्या एककापासूनच्या विषम घरांची बेरीज १२, सम घरांची २५. फरक उणे १३, म्हणजे ९. दुसऱ्या संख्येत ३६ आणि २८, फरक ८. नवा आठे बहात्तर, बाकी ६. उत्तरात विषम घरांची बेरीज ६३, सम घरांची ४६. फरक १७, बाकी ६. ताळा जुळला. या संख्येची बाकी तिचे अंक न बघताही काढता येते. दोनचा दहावा घात १०२४, त्याची अकराने बाकी १. म्हणून ६७ व्या घाताची बाकी सातव्या घाताइतकीच, म्हणजे १२८ ची, म्हणजे ७. त्यातून १ वजा केला की ६. अवयवांकडून, अंकांकडून आणि घाताकडून अशा तिन्ही बाजूंनी एकच बाकी येते. फळ्यावर हा गुणाकार ओळीने करायचा, तर शंभराच्या आसपास एकअंकी गुणाकार आणि त्यांचे हातचे आले. ताळ्याला तिन्ही संख्यांचे मिळून ४२ अंक आणि एक पाढा पुरतो.

आता समजा छापताना उत्तरातले मधले ५८९ हे अंक ९८५ असे झाले. अकराचा ताळा ६ च दाखवेल. नवाचा ताळाही जुळेल. संख्या एकवीस अंकांची आणि बदल तिच्या बाराव्या घराच्या आसपासचा, म्हणून अंदाजालाही तो दिसणार नाही.

अशा वेळी अकराचीच थोरली बहीण उपयोगी पडते: १००१, म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. १००० म्हणजे १००१ उणे १, त्यामुळे एकेका अंकाऐवजी तीन-तीन अंकांचे गट करून तसंच अधिक-उणे करायचं. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम इथे विसरायचे आणि उजवीकडून तिनांचे गट पाडायचे. पहिल्या संख्येतून ७२१ − ७०७ + १९३ = २०७. दुसरीतून २८७ − २५७ + ८३८ − ७६१ = १०७. त्यांचा गुणाकार २२१४९; त्याचेही गट पाडले की १४९ − २२ = १२७. कोल यांच्या उत्तरातून ९२७ − ४१२ + ६७६ − ५८९ + ९५२ − ५७३ + १४७ = ११२८, त्यातून १००१ गेले की १२७. छापताना बिघडलेल्या संख्येतून मात्र ७३२ येतात, आणि चूक सापडते. मात्र या ताळ्यालाही तशीच एक फट आहे: एक गट मध्ये ठेवून तीन-तीन अंकांचे दोन अख्खे गट एकमेकांच्या जागी गेले, तर त्याची बाकी हलत नाही.